सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, नवजात बालकाची कावीळ आणि कॅल्शियम

परळ-लालबाग परिसरातील लहान प्रसूतिगृहांतून मोठ्या रुग्णालयाकडे पाठविल्या जाणाऱ्या तान्ह्या बाळाच्या कागदांवर ‘सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन’ हे नाव लिहिलेले असले, तर ते वाचून पुढे जाऊ नये. दिवसातून एकदा देता येणारे हे प्रतिजैविक मोठ्या मुलांच्या न्यूमोनियात व मेंदूज्वरात उपयुक्त आहे. आयुष्याच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मात्र त्याच्या वापरावर दोन स्वतंत्र बंधने आहेत. दोहोंची कारणे निराळी असल्याने ती वेगवेगळी समजून घेणे श्रेयस्कर.

पहिले बंधन कावीळीचे. जन्मानंतर तांबड्या पेशी फुटून तयार होणारे बिलिरुबिन रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून यकृताकडे नेले जाते. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनही याच प्रथिनाला घट्ट चिकटते आणि बिलिरुबिनला तेथून हुसकावून लावते. मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करू शकते. येथे एक फसवणूक संभवते. जागेवरून हललेले बिलिरुबिन रक्तातून ऊतींमध्ये जात असल्याने तपासणीतील एकूण आकडा वाढेलच असे नाही. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून राहता येत नाही. हा धोका वैद्यकाला नवा नव्हे. अमेरिकेत सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनी 1956 साली दाखवून दिले होते, की सल्फिसॉक्साझोल दिलेल्या अकाली जन्मलेल्या बाळांत मृत्यू व मेंदूतील कावीळ यांचे प्रमाण अधिक होते. यास्तव कावीळ असलेल्या नवजात बाळाला सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन देऊ नये. अकाली जन्मलेल्या बाळाला तर गर्भकाळ व जन्मानंतरचे वय मिळून 41 आठवडे पूर्ण होईपर्यंत ते टाळावे.

दुसरे बंधन कॅल्शियमचे. हे औषध कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा साका बनविते. नळीत तो गढूळपणाच्या रूपाने दिसू शकतो. शरीरात मात्र दिसत नाही. काही नवजात बाळांच्या मृत्यूनंतर फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असे स्फटिक आढळले. त्यांपैकी काहींना दोन्ही औषधे वेगवेगळ्या नळ्यांतून व वेगवेगळ्या वेळी दिलेली होती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2007 मध्ये इशारा दिला आणि 2009 मध्ये तो सुधारला. त्यानुसार 28 दिवसांपर्यंतच्या ज्या बाळाला शिरेवाटे कॅल्शियम दिले जात आहे वा द्यावे लागण्याचा संभव आहे, त्याला हे औषध द्यावयाचेच नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट, रिंगर लॅक्टेट आणि शिरेवाटे दिले जाणारे पोषणद्रव ही सारी येथे कॅल्शियमच होत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नऊ दिवसांचे, पूर्ण दिवसांचे, 3 किलो वजनाचे बाळ ताप, मंद स्तनपान व कावीळ घेऊन आले आहे. सलाईनमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट चालू आहे. दोन्ही बंधने एकाच वेळी लागू होतात. अशा वेळी सेफोटॅक्सिम हा सोयीचा पर्याय ठरतो. किलोमागे 50 मिलिग्रॅम, म्हणजे 150 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. पहिल्या आठवड्यात हेच अंतर बारा तासांचे ठेवतात. सोबत कोणते औषध जोडावे, हे संसर्गाच्या ठिकाणावरून ठरते.

आता हेच बाळ सहा आठवड्यांचे, 4 किलोचे झाले आहे, कावीळ ओसरली आहे आणि त्याला न्यूमोनिया आहे. आता सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन देता येईल. किलोमागे 75 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 300 मिलिग्रॅम. (मेंदूज्वरात हीच मात्रा किलोमागे 100 मिलिग्रॅम होते.) एक ग्रॅमच्या कुपीत 9.6 मिलि निर्जंतुक पाणी घातल्यास प्रत्येक मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध येते. त्यातील 3 मिलि घेऊन साध्या सलाईनने एकूण 10 मिलि करावे व अर्ध्या तासात द्यावे. रिंगर लॅक्टेट विरघळविण्यासाठी किंवा पातळ करण्यासाठी कधीही वापरू नये. कॅल्शियमची गरज भासल्यास ते एकाच वेळी, एकाच नळीच्या जोडावरूनही देऊ नये. एक औषध संपल्यावर नळी साध्या सलाईनने पूर्ण धुवून मगच दुसरे सुरू करावे. ही सवलत 28 दिवसांनंतरच्या बाळांपुरतीच आहे.

कावीळ व कॅल्शियम ही दोन्ही कारणे नसलेल्या, पूर्ण दिवसांच्या नवजातास औषध द्यावेच लागले, तर किलोमागे 50 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये आणि ते एक तासभर सावकाश द्यावे. औषध चालू असता श्वास एकाएकी जड झाला, बाळ निळसर पडले किंवा नळीत गढूळपणा दिसला, तर ते तत्काळ थांबवावे आणि त्या नळीतून पुढे काहीही ढकलू नये. म्हणून औषध भरण्यापूर्वी परिचारिकेने तीनच गोष्टी तपासाव्यात : बाळाचे वय किती दिवसांचे, कावीळ आहे का, आणि टांगलेल्या बाटलीत कॅल्शियम आहे का.