‘हे तुझंच आहे’ असं दोघांनाही सांगितलं असेल, तर

गावाकडे चार तुकडे जमीन असलेल्या आई-वडिलांशी आज मला बोलायचं आहे. खरेदीखतं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं लिहून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कोर्टात भांडणारे भाऊबंद मी पाहिले, पण मनाला लागून राहिली ती वेगळी भांडणं. त्यांत दोघंही भली माणसं होती, दोघांनाही दुसऱ्याचं वाईट करायचं नव्हतं, आणि तरीही त्यांचा अबोला वर्षानुवर्षं टिकला. अशा बहुतेक घरांत गाठ एकाच जागी सापडते. वडिलांनी मुलाला एक सांगितलेलं असतं, मुलीला दुसरं, आणि दोन्ही अगदी मनापासून.

एक घर डोळ्यांसमोर आणा. सांगोला तालुक्यात तीन एकर, आजोबांकडून वाटणीत आलेलं. एक एकर विहिरीखालचं, त्यात डाळिंब. उरलेलं दोन एकर जिरायत, ज्वारीचं. मुलगा शिकून गावातच राहिला. विहिरीतला गाळ त्याने काढला, पाइपलाइन टाकली, बाग उभी केली. मुलगी लग्न होऊन पिंपरीला गेली. वडील मुलासोबत बांधावर बसले की म्हणायचे, “तूच राबतोस रे, हे सगळं तुझंच आहे.” मुलगी दिवाळीला आली की तिला म्हणायचे, “बाळ, शेतात तुझाही वाटा आहे. तुला इथून कुणी हलवणार नाही.” एकाला सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर गेलंच नाही.

वडील गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, मुलगा, मुलगी अशी तीन नावं लागली. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे बागेवर तेल्या आला. झाडं काढावी लागली. नवी लागवड आणि ठिबकसाठी मुलगा बँकेत गेला, तेव्हा सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात असं तिथे सांगितलं. बहिणीने आनंदाने यायचं कबूल केलं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच, मग विजेच्या जोडणीलाही तेच. गावातल्या कुणीतरी सल्ला दिला, “बहिणीकडून हक्कसोड करून घे, कटकट मिटेल.” तो मसुदा घेऊन पिंपरीला गेला.

बहिणीने कागद वाचायला घेतला. “सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही आणि माझे वारसही पुढे कसलीही तक्रार करणार नाहीत,” या ओळीवर ती थांबली. भावासाठी ती बँकेची अडचण सोडवणारी ओळ होती. तिच्यासाठी ती वडिलांचा शब्द खोडणारी होती. तिने सही केली नाही. पैसे नकोत, पीक नको, फक्त नाव राहू दे, एवढंच ती म्हणाली. भावाला वाटलं, आपल्या राबण्याची हिला किंमत नाही. तिला वाटलं, वडील गेल्याबरोबर याने आपल्याला परकं केलं. दोघंही रडले, पण एकमेकांसमोर नाही.

आता या दोघांत चुकलं कोण, ते सांगा. भावाची भीती खोटी नाही. आज बहीण बोलावलं की येते, उद्या तिच्यामागे तिच्या मुलांची नावं लागतील, मग नातवंडांची. वीस-पंचवीस नावांचे सातबारे मी पाहिले आहेत. त्यांतली निम्मी माणसं सापडत नाहीत आणि कसणाऱ्याला विहिरीवर मोटर बसवायची तरी दहा गावं फिरावं लागतं. बहिणीचीही भीती खोटी नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र एकदा झालं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. संसारात काही वेडंवाकडं झालं, तर हक्काने पाय टेकायला ही एकच जागा आहे, असं तिला वाटतं.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि तो मुलांनी वडिलांच्या तोंडून ऐकायला हवा. 9 सप्टेंबर 2005पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासूनचा आहे. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत अशी अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये सांगितलं. लग्नातला खर्च म्हणजे तिचा वाटा पोचला, असं गावात सर्रास म्हटलं जातं. कायद्यात तसं नाही. वरच्या घरात हिशेब सरळ निघतो. आई, मुलगा, मुलगी, तिघांना एक-एक एकर.

पण कायदा एवढ्यावर थांबतो. विहीर एकाच्याच एकरात येणार, मग दुसऱ्याला पाणी कुठून? गाळ काढताना घातलेले पैसे कोणाच्या खात्यावर? वडिलांच्या आजारपणात रात्री दवाखान्यात कोण बसलं? याची उत्तरं तिघांच्या समान वाट्यात मिळत नाहीत. ती घरात बसूनच काढावी लागतात, आणि तुम्ही हयात असताना ती निघणं सोपं असतं. तुम्ही गेल्यावर दोघंही तुमचं वाक्य पुढे करतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की जे बोलायचं ते दोघांना समोरासमोर बसवून बोला. सूनबाई आणि जावईबापूही असू द्यात, कारण नंतर सल्ला त्यांच्याकडूनच जाणार आहे. पहिल्या बैठकीत कागद काढू नका. प्रत्येकाला एवढंच विचारा, तुला या जमिनीकडून काय हवं आहे? बऱ्याच घरांत असं दिसतं की दोघांना हवं असतं ते वेगवेगळं असतं. वरच्या घरात भावाला कोणाच्या सहीवाचून कसता येईल अशी जमीन हवी होती. बहिणीला गावात स्वतःच्या नावाचा सातबारा हवा होता. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आड आला तो ‘सगळं सोड’ असं सांगणारा कागद.

त्या घरात शेवटी आईने दोघांना बोलावलं आणि मार्ग निघाला, तो असा. बहिणीने आपल्या एकरातले, म्हणजे 40 गुंठ्यांतले, 20 गुंठे जिरायत स्वतःकडे ठेवले आणि बाकीचे 20 भावाच्या नावे सोडले. विहीर आणि बाग भावाकडे राहिली. त्याच्याकडे 60 गुंठे झाले, तिघांच्या वाट्याचा मेळ बसला आणि बहिणीच्या तुकड्यापर्यंत जाणारा बांधाकडचा रस्ता दस्तात चतुःसीमेसह लिहिला. आईने स्वतःचा एकर स्वतःच्या नावे ठेवला आणि मागे तो मुलाकडे जावा असं मृत्युपत्र दोघांसमोर केलं. ते मुलीनेच सुचवलं होतं. ती पूर्ण एकर मागती, तरी तो तिचा हक्कच होता, हे भावाने तेव्हा मान्य केलं. त्या मान्यतेनेच निम्मं काम झालं.

20 गुंठे हा आकडा भावनेने ठरला नाही. तुकडेबंदीच्या नियमांत जिरायतीचा तुकडा 20 गुंठ्यांपेक्षा आणि बागायतीचा 10 गुंठ्यांपेक्षा लहान करता येत नाही, ही मर्यादा त्यांनी आधी तलाठ्याकडून समजून घेतली. तुमच्या घरी बोलणं सुरू झालं की हीच गोष्ट प्रथम विचारा, कारण नियम बदलतात. पाच गुंठे बहिणीच्या नावे करू, असं गोड ठरवून बसलात आणि नोंदच झाली नाही, तर तिला ती फसवणूक वाटेल.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, म्हणजे कोणता तुकडा कोणाचा हे नकाशावर दिसेल. मग वाटप. सगळे एकमताचे असाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हक्क सोडायचा असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा आणि हक्क कोणाच्या नावे सोडला ते नाव घालून लिहा. तलाठ्याकडे नुसती वर्दी देऊन किंवा साध्या कागदावर सही घेऊन बहिणीचं नाव कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. सातबारा आणि फेरफार या महसुलाच्या नोंदी आहेत, मालकी त्यांच्याने ठरत नाही. आज पुसलेलं नाव उद्या तिची मुलं कोर्टातून परत आणतील, आणि तेव्हा समजावून सांगायला तुम्ही नसाल.

मृत्युपत्र करणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. स्वतः कमावलेली जमीन तुम्ही हवी त्याला देऊ शकता. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी. कोणाला कमी देत असाल तर त्याचं कारण तुमच्या शब्दांत लिहा. “मुलाने माझ्या आजारपणात सगळं केलं आणि विहिरीला त्याचा पैसा लागला, म्हणून,” एवढी ओळ मागे राहिली तरी, बाबांचं माझ्यावर प्रेम कमी होतं, ही शंका मुलीच्या मनात घर करत नाही.

मुलांना दुखवायचं नाही म्हणून तुम्ही हा विषय टाळता, हे मला माहीत आहे. आमची मुलं तशी नाहीत, असंही तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच असेल. वरच्या घरातली मुलंही तशी नव्हती. टाळलेल्या बोलण्याची किंमत पुढे त्यांनाच मोजावी लागते. तेव्हा येत्या सुट्टीत दोघं घरी आले, की सातबारा आणि आठ-अ काढून त्यांच्यासमोर ठेवा. मुलाला सांगितलेलं मुलीसमोर सांगा, मुलीला सांगितलेलं मुलासमोर सांगा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर तो तुम्ही बसवा, तुमच्या सहीने, तुमच्या हयातीत.