सदतीस ओळींत नसलेला प्रश्न

वेगळं झाल्यावर चार महिन्यांनी मी त्याला एक मेसेज लिहिला. सदतीस ओळींचा. पाठवायची वेळसुद्धा ठरवून ठेवली होती. त्याच्या वाढदिवसाची रात्र, बाराचा ठोका. इतरांच्या शुभेच्छांआधी माझे शब्द त्याने वाचावेत, म्हणजे दिवसभर त्याला केक गोड लागणार नाही. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. आपण बोचेल अशी वेळ शोधतो, तेव्हा आपल्याला काही सांगायचं नसतं, बोचायचंच असतं.

मजकुराचा गाभा असा होता : 'तुझ्या बाबांची बायपास झाली तेव्हा सहा रात्री मी वॉर्डबाहेरच्या बाकावर काढल्या. तीन महिन्यांनी तू म्हणालास, घरचे तयार नाहीत. तुला झोप तरी कशी लागते? असो. तू सुखात राहा. माझं काय, मला सवय आहे.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'मी फार वाईट माणूस आहे. तुझ्या लायकीचा नाही. सॉरी.' मला हेच हवं होतं ना? क्षणभर बरं वाटलंही. मग पुढचा मेसेज आला, 'मी कुणालाच सुख देऊ शकत नाही.' आणि सव्वा वाजता मी काय टाइप करत होते? 'असं नको रे म्हणूस. तू वाईट नाहीस.' दुखावले होते मी आणि समजूतही मीच काढत बसले! तो बहुधा शांत झोपला. मी सकाळपर्यंत जागी होते.

अपराधी वाटायला लागलं की माणूस आपल्याकडे बघत नाही, स्वतःकडे बघू लागतो. एक तर तो भांडतो, 'तूही काही कमी नव्हतीस' म्हणतो. नाहीतर स्वतःलाच इतकं झोडपतो की आपल्याला त्याचा हात धरावा लागतो. दोन्हीकडे विषय त्याचाच होतो. माझ्या सहा रात्री तशाच त्या बाकावर राहिल्या.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा लिहायला घेतलं, पहिल्यापेक्षा धारदार. या वेळी मात्र आधी मावसबहिणीला, ताईला, दाखवलं. तिने वाचून एवढंच विचारलं, "यावर त्याने काय उत्तर दिलं की तुझं समाधान होईल?"

"उत्तर नकोच. त्याला लागलं पाहिजे."

"लागलं समज. रडला. पुढे?"

मला पुढे काही सुचेना. खूप वेळाने तोंडून निघालं, "काका आता चालायला लागलेत का, ते तरी कळेल."

ताई म्हणाली, "मग हे कुठंय यात?"

कुठेच नव्हतं. आम्ही दोघींनी एकेक ओळ घेऊन पाहिली. जिला त्याला सरळ उत्तर देता येईल ती ठेवायची, जिच्यावर फक्त मान खाली घालता येईल ती काढायची. 'झोप कशी लागते' गेलं. 'सुखात राहा'ही गेलं, कारण तो आशीर्वादाच्या कागदात गुंडाळलेला टोमणा होता. 'मला सवय आहे' तर सर्वांत आधी. उरल्या दोनच गोष्टी. काकांची खुशाली हवी होती, आणि त्या सहा रात्रींची कुणीतरी नोंद घ्यायला हवी होती. तो परत यावा, ही इच्छा मला वाटलं होतं तितकी उरलीच नव्हती.

मग दुपारी चार वाजता, साध्या बुधवारी, मी पाठवलं : 'काकांची तब्येत आता कशी आहे? ऑपरेशनच्या वेळी मी तिथे होते, त्याबद्दल घरात कुणीच काही बोललं नाही, याचं मला वाईट वाटलं. एवढंच सांगायचं होतं.'

उत्तर रात्री आलं. काका रोज सकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारतात. आणि 'त्या वेळी तू नसतीस तर आम्हाला जमलं नसतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.' या वेळी मला त्याची समजूत काढावी लागली नाही.

असं उत्तर प्रत्येकाला मिळेल असं नाही. म्हणून पाठवण्याआधी आणखी एक बघा : काहीच उत्तर आलं नाही तरी हे पाठवल्याचा पस्तावा होणार नाही ना? होणार असेल तर वहीत लिहा आणि वही मिटा. त्याने किंवा तिने 'संपर्क नको' असं स्पष्ट सांगितलं असेल, तर दोन ओळीसुद्धा पाठवू नका. तिथे तुमची नोंद घेणारं माणूस दुसरं शोधावं लागेल. माझ्या बाबतीत तसं माणूस ताई होती, आणि तिने ती नोंद त्याच्याही आधी घेतली होती.

त्या सदतीस ओळी मी पुसल्या नाहीत. पण तुमच्या फोनमध्ये अशा ओळी असतील, तर आज रात्री बारा वाजता पाठवू नका. उद्या दुपारी चारला पुन्हा वाचा, आणि त्यात तुमचा प्रश्न सापडतो का ते बघा.