कुरकुरीत बटाट्यासाठी तळण्यापूर्वीची उकड



एका गावी महिला बचत गटाच्या वर्गात बटाट्याच्या सळ्या (फिंगर चिप्स) तळून दाखविण्याचे काम आमच्याकडे होते. बटाटे बाजारातून आणले होते. कच्च्या सळ्या कापल्या, धुतल्या आणि सरळ कढईत सोडल्या. दोन मिनिटांत त्या तपकिरी झाल्या, आतून मात्र कच्च्याच राहिल्या. पाच मिनिटांत त्यांचा कुरकुरीतपणा गेला आणि कागद तेलाने भिजला. मागच्या रांगेतील एक ताई म्हणाल्या, "सर, असं तर आम्हालाही येतं." त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवशी आमच्या तीन चुका झाल्या होत्या. बटाटा पारखून घेतला नाही, तो आधी उकडला नाही आणि उकडल्यावर जे वाळवावे लागते त्याचा तर प्रश्नच आला नाही. आपला बटाटा रस्त्याकडेच्या हातगाडीवर किंवा हॉटेलात सळ्यांच्या रूपात विकू पाहणाऱ्यांनी या तीन बाबी नीट समजून घ्याव्यात.

आधी उकडायचे कशासाठी?

बटाट्याच्या पेशींत पिष्टाचे कण असतात. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे हे कण पाणी शोषून फुगतात व चिकट होतात. उकडताना सळीच्या बाहेरच्या थरात हेच घडते आणि पृष्ठभागावर खळीसारखा एक पातळ लेप तयार होतो. तेलात गेल्यावर या लेपातले पाणी निघून जाते व तो कडक होतो. हेच ते कुरकुरीत कवच होय. कच्च्या सळीवर हा लेप नसतो, त्यामुळे तिचे कवच कागदासारखे पातळ होते आणि आतल्या वाफेने लगेच मऊ पडते.

उकडण्याचा दुसरा फायदा म्हणजे आतला गर आधीच बराचसा शिजलेला असतो. मग कढईत फक्त कवच तयार करण्याचे काम उरते. कच्ची सळी आतपर्यंत शिजेपर्यंत तेलात ठेवली तर बाहेरून ती करपते.

तिसरा फायदा साखरेचा आहे. बटाट्यातील साखर तेलाच्या उष्णतेत लवकर तपकिरी होते व कडवट चव देते. उकडताना पृष्ठभागाजवळची काही साखर पाण्यात उतरते. म्हणून उकडीचे पाणी दुसऱ्या घाण्याला वापरू नये.

बटाटा कोणता घ्यावा?

सळ्यांना घनपदार्थ जास्त व साखर कमी असलेला बटाटा लागतो. कुफरी चिप्सोना हे वाण तळण्यासाठीच काढलेले आहे. कुफरी पुखराजचे उत्पादन भरपूर येते, पण त्यात पाणी जास्त असल्याने सळ्या मऊ पडतात व तेलही अधिक पितात. वाणाचे नाव माहीत नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि त्यात धुतलेला, कोरडा केलेला बटाटा सोडावा. बुडाला तर त्यात घनपदार्थ साधारण २० टक्के किंवा जास्त आहेत असे समजावे. हा तळण्यास योग्य. तरंगला तर तो रस्साभाजीला ठेवावा.

साखरेची गोष्ट वेगळी आहे. शीतगृहात २ ते ४ अंशांना ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होऊ लागते. आमच्या वर्गातला बटाटा असाच होता, हे चौकशी केल्यावर कळले. मिठाच्या पाण्यात तो बुडालाही असता, पण तळल्यावर तपकिरी झालाच असता. म्हणून पोते घेण्यापूर्वी दोन-तीन बटाट्यांच्या चार-पाच सळ्या तळून रंग पाहावा. रंग गडद आला तर ते पोते १५ ते २० अंश तापमानाच्या हवेशीर, अंधाऱ्या खोलीत दोन ते तीन आठवडे पसरून ठेवावे. साखर बरीचशी कमी होते. फार दिवस शीतगृहात राहिलेला माल मात्र पूर्ण सुधारत नाही. घरीही तळण्याचा कच्चा बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये. हिरवा झालेला बटाटा उकडून किंवा तळून सुरक्षित होत नाही, तो वेगळा काढावा.

१ किलो बटाट्याची कृती

बटाटे सोलून साधारण १ सें.मी. जाडीच्या सळ्या कापाव्यात. जाडी सारखी असणे महत्त्वाचे आहे, नाहीतर बारीक सळ्यांचा लगदा होतो आणि जाड कच्च्या राहतात. साल व कडा गेल्यावर साधारण ८०० ग्रॅम सळ्या उरतील. त्या गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुवाव्यात. कापताना पृष्ठभागावर आलेले सुटे पिष्ट निघून जाते. ते राहिले तर सळ्या एकमेकींना चिकटतात व तेलात करपतात.

मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी उकळावे. त्यात ३ टेबलचमचे व्हिनेगर व २ चमचे मीठ घालावे. आंबटपणामुळे पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि सळी शिजूनही तुटत नाही. उकळत्या पाण्यात निम्म्याच, म्हणजे ४०० ग्रॅम सळ्या सोडाव्यात. सर्व एकदम टाकल्यास पाणी गार पडते व उकळी यायला फार वेळ लागतो. पुन्हा उकळी फुटली की आच कमी करावी आणि तेथून ३ ते ४ मिनिटे मोजावीत. खळखळून उकळू देऊ नये, सळ्या आपटून मोडतात.

घड्याळापेक्षा सळीची परीक्षा महत्त्वाची आहे. एक सळी झाऱ्यावर घेऊन दोन टोकांना हळू धरावी. ती किंचित वाकली पण मोडली नाही, आणि टाचणी बाहेरून सहज पण मध्यभागी थोड्या दाबाने गेली, तर उकड बरोबर झाली. ताठच राहिली तर आणखी मिनिटभर ठेवावी. उचलताच मोडली तर उशीर झाला असे समजावे व त्या सळ्या वड्याच्या सारणाला वापराव्यात. दुसरा घाणा नव्या पाण्यात उकडावा.

वाळवण : सर्वांत जास्त चुकणारी पायरी

सळ्या चाळणीत निथळून लगेच स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात पसराव्यात. गरम असतानाच त्यांची बरीच वाफ निघून जाते, म्हणून त्यांच्यावर गार पाणी ओतू नये. झाकूनही ठेवू नये. पंख्याखाली २० ते ३० मिनिटे ठेवून मध्ये एकदा उलटाव्यात. पावसाळी हवेत याहून जास्त वेळ लागतो.

एवढा आग्रह का, हे एका हिशोबाने पाहू. खोलीतल्या पाण्याला उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. कढईत १ लिटर तेल आहे व आपण २०० ग्रॅम सळ्या टाकल्या असे समजा. त्यांच्या अंगावर फक्त १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे पाणी राहिले असेल, तर ते उडवून लावण्यातच तेल १२ ते १५ अंशांनी गार होईल. सळीच्या आतल्या पाण्याचा भार तर वेगळाच. तेल गार पडले की कवच धरत नाही, आणि सळी तेलात जास्त वेळ राहून तेलकट होते. शिवाय ओल्या सळीमुळे तेल उसळते व हात भाजतात.

वाळल्याची खूण अशी : सळीची चकाकी जाऊन ती फिकट, निस्तेज दिसते. बोट फिरवल्यास किंचित खरखरीत लागते आणि कोऱ्या कागदावर ठेवल्यास ओला डाग पडत नाही. तोपर्यंत कढई चढवू नये.

तळणे दोन वेळा

पहिल्या वेळी तेल साधारण १६० अंश असावे. २०० ग्रॅमचा एक घाणा ३ ते ४ मिनिटे तळावा. कवच धरले पाहिजे, रंग मात्र येता कामा नये. मग सळ्या ताटात पसरून २० ते ३० मिनिटे गार कराव्यात. या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थराकडे येतो. दुसऱ्या वेळी तेल १७५ ते १८० अंश तापवून सळ्या २ ते ३ मिनिटे, सोनेरी होईपर्यंत तळाव्यात. बुडबुडे कमी झाले व झाऱ्यावर सळ्यांचा खळखळ आवाज आला की काढाव्यात. तपकिरी रंगापर्यंत जाऊ नये. चव कडू होतेच, शिवाय पिष्टमय पदार्थ फार तळल्यास ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य वाढते. मीठ तेलाबाहेर काढल्यावरच टाकावे. विक्री करणाऱ्यांनी तेलाचा थर्मामीटर घ्यावा, तो नासलेल्या एका कढईभर तेलापेक्षा महाग पडत नाही.

गाडीवाल्यांना या पद्धतीची एक सोय आहे. उकडणे, वाळवणे व पहिले तळणे दुपारी उरकता येते. गिऱ्हाईक आल्यावर फक्त दुसरे तळण राहते. पहिले तळण झालेल्या सळ्या दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत.

तव्यावर भाजायच्या फोडी

कमी तेलात तव्यावर भाजताना उकडीची रीत थोडी बदलते. ३ सें.मी.च्या फोडी करून गार पाण्यातच चढवाव्यात, म्हणजे आत-बाहेर सारख्या शिजतात. उकळी आल्यावर ७ ते ८ मिनिटे ठेवाव्यात. येथे व्हिनेगर घालू नये. उलट २ लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घालावा. सोड्यामुळे पेक्टिन लवकर विरघळून फोडीच्या कडा भुसभुशीत होतात. पाणी निथळून पातेले झाकण धरून तीन-चारदा हलवावे. कडा खरखरीत होतात आणि त्या खडबडीतपणावरच कुरकुरीत थर चढतो. नंतर १० ते १५ मिनिटे पसरून वाफ जाऊ द्यावी. लोखंडी तवा चांगला तापवून तेल सोडावे, फोडी एका थरात सुट्या मांडाव्यात आणि एक बाजू सोनेरी होईपर्यंत हलवू नयेत. गर्दी केल्यास वाफ कोंडते व फोडी भाजण्याऐवजी पुन्हा उकडतात. हळद-तिखट शेवटी घालावे, आधी घातल्यास जळते.

चूक कशी ओळखावी?

बाहेर तपकिरी व आत कच्ची : बटाट्यात साखर जास्त किंवा उकड कमी.
तेलकट व लिबलिबीत : वाळवण अपुरे, तेल गार किंवा घाणा मोठा.
कढईत तुटली : उकड जास्त, किंवा व्हिनेगर विसरले.
आधी कुरकुरीत, पण लगेच मऊ : बटाटा पाणचट, किंवा तळल्यावर डब्यात झाकून ठेवला.

त्याच गावी पुढच्या वर्गाला आम्ही शेतातून नुकताच काढलेला, साल घट्ट झालेला बटाटा नेला आणि वरील क्रमाने सळ्या केल्या. कागद कोरडा राहिला. त्या ताईंनी एक सळी मोडून तिचा आवाज ऐकला आणि विचारले, "वाळवायला किती वेळ म्हणालात?" आपणही पहिला घाणा लावण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारावा.