वयाचा हिशेब आणि पंधरा दिवसांची चूक

आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेत वृद्धांचे साहाय्य असो वा मुलांची शिष्यवृत्ती, अर्जदाराचे वय प्रथम पाहावे लागते. हल्ली हा हिशेब संगणकावर होतो आणि पुष्कळदा जन्मापासूनचे दिवस मोजून त्यांस ३६५ ने भागण्यात येते. या रीतीत दोष कोठे आहे, ते आम्ही एका उदाहरणाने दाखवितो.

समजा, सावरगावातील एका गृहस्थांचा जन्म १० मार्च १९६५ रोजी झाला. साहाय्यासाठी १ मार्च २०२५ रोजी साठ वर्षे पूर्ण असावीत, असा नियम आहे. त्या दिवसापर्यंत २१,९०६ दिवस झाले. त्यांस ३६५ ने भागले की साठाहून किंचित अधिक येते व नाव यादीत चढते. वास्तविक गृहस्थांस साठ वर्षे पूर्ण होण्यास नऊ दिवस उणे आहेत!

असे का व्हावे? १९६८ पासून २०२४ पर्यंत पंधरा लीप वर्षे आली आणि प्रत्येकाने एक दिवस वाढविला. भागाकार हे जादा दिवस वयातच धरतो. म्हणून २३ फेब्रुवारीपासून ९ मार्चपर्यंत उत्तर चुकते. एरवी बरोबर येते. यामुळेच चूक सहसा ध्यानात येत नाही. मुलांच्या वयात ती चार-पाच दिवसांची, वृद्धांच्या वयात पंधरा-वीस दिवसांची असते.

कोणी म्हणेल, ३६५.२५ ने भागावे. पण १० मार्च २००८ रोजी जन्मलेली मुलगी १० मार्च २०२६ रोजी अठरा वर्षांची झाली, तेव्हा दिवस भरले ६,५७४. आणि अठरा वर्षांस या मापाने ६,५७४.५ लागतात. म्हणजे ऐन वाढदिवशी तिला सतराचीच ठरवून तिचा अर्ज परत जावयाचा. पहिल्या रीतीने अपात्राचा लाभ झाला, दुसरीने पात्राची हानी.

खरी रीत आपल्या वडीलधाऱ्यांचीच आहे. सनातून सन वजा करावा. त्या वर्षीचा वाढदिवस अद्याप यावयाचा असल्यास एक कमी करावा. २०२५ उणे १९६५ म्हणजे साठ. १ मार्चला वाढदिवस आलेला नाही, म्हणून एकोणसाठ. १८७५ चा सज्ञानतेचा कायदाही दिवसांची संख्या सांगत नाही. अठराव्या वाढदिवसाच्या प्रारंभी मनुष्य सज्ञान होतो, असे म्हणतो. संगणकाच्या तक्त्यात A2 मध्ये जन्मतारीख व B2 मध्ये नियमाची तारीख असल्यास पुढील सूत्र घालावे :

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
```

२९ फेब्रुवारीस जन्मलेल्यांचा वाढदिवस साध्या वर्षी हे सूत्र १ मार्चला धरते. संस्थेस तसे मान्य आहे काय, हे नियमातच लिहून ठेवावे.

जुन्या नोंदवह्या तपासताना सर्व नावे पाहण्याचे कारण नाही. नियमाच्या तारखेनंतरच्या वीस-पंचवीस दिवसांत ज्यांचा वाढदिवस येतो, तेवढीच पाहावीत. चूक असलीच तर तेथेच सापडेल.