अभिनंदनपत्रातील आज्ञा आणि आशीर्वाद

मराठी लग्नपत्रिकेत वराला ‘चि.’ आणि वधूला ‘चि. सौ. कां.’ ही उपपदे लागतात. ‘चिरंजीव व्हा’ असे म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा असल्यामुळे ती त्यांच्याच मुखी शोभतात. समवयस्काने करावयाची ती शुभेच्छा; आशीर्वाद नव्हे. कार्यालयातील स्नेह्यांनी सह्या करून दिलेल्या अभिनंदनपत्रापुढे म्हणून एक अडचण उभी राहते. सह्या करणाऱ्यांत साहेब असतात, शिपाई असतो आणि कालच रुजू झालेला लिपिकही असतो. या सर्वांनी मिळून आशीर्वाद द्यावा कोणत्या नात्याने?

या अडचणीतून मार्ग निघतो तो कार्यालयीन भाषेच्या विडंबनातून. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्यकारभारात रुळलेली आदेशाची मराठी लेखनिकांच्या हाडीमाशी खिळलेली असते. नमुन्यादाखल असा एक मजकूर कल्पिता येईल :

‘विषय : संयुक्त सेवेत कायम नियुक्ती. संदर्भ : उभयतांचा तोंडी अर्ज. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, उभयतांची नियुक्ती आजपासून कायम करण्यात येत आहे. परिवीक्षेचा कालावधी माफ. बदली झाल्यास दोघांची एकाच ठिकाणी करण्यात येईल. मतभेदाचे प्रकरण त्याच दिवशी निकाली काढावे. दुसऱ्या दिवसावर प्रलंबित ठेवू नये. या पदास निवृत्तीचे वय लागू नाही.’

‘कळविण्यात येते’ या प्रयोगात कर्ता लुप्त असतो. एरवी कोरडी वाटणारी ही रचना येथे उपकारक ठरते, कारण बोलणारा कोणी एक लहान वा थोर माणूस उरत नाही. बोलते ती आज्ञा. आशीर्वादाला लागणारा अधिकार असा उसना मिळतो. खाली सह्या येतात आणि लुप्त झालेले कर्ते एकेका नावाने परत प्रकटतात. त्या सह्या हुद्द्यांच्या उतरंडीने न होता जागा मिळेल तशा झाल्या, तर हा परिणाम अधिक खुलतो.

विनोदामागील सदिच्छा ओळखण्याची कसोटी सोपी आहे. थट्टा काढून घ्यावी आणि काय उरते ते पाहावे. निवृत्तीच्या वाक्यात दीर्घ सहजीवन उरते. प्रलंबित प्रकरणाच्या वाक्यात, राग मनात धरून रात्र काढू नये, हा संसाराचा उपदेश उरतो. बदलीचे वाक्य तर थट्टेच्या सीमेवरच उभे आहे. दोन गावी नोकरी करणाऱ्या दांपत्यांचा प्रश्न एवढा खरा आहे की, बदल्यांच्या शासकीय धोरणात ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हे स्वतंत्र कारण मानले जाते. सहकाऱ्यांना ही धास्ती ठाऊक असते. म्हणूनच नातेवाइकांना सुचणार नाही असा वर ते देऊ शकतात.

याउलट ‘आजपासून स्वातंत्र्य समाप्त’ यासारख्या वाक्यातील थट्टा काढली की हाती केवळ अशुभ उरते. हे पत्र वधूच्या सासरी वडीलधाऱ्यांसमोर वाचले जाते; तेथे असे वाक्य वाचणारा अडखळतो. निवृत्तीच्या वाक्यावर मात्र घरातील वृद्धही हसतात, आणि हसता हसता ‘तथास्तु’ म्हणतात.