फोनवर ऑर्डर घेताना: वही उघडा, मागचं बघा, मग वाचून दाखवा



मागच्या उन्हाळ्यात आपल्या टेबलवर एक ऑर्डर आली. पलीकडच्या काकूंनी सांगितलं होतं, "अडीच किलो कुरडया." आपल्या ताईंनी लिहिलं "दीड किलो". मिक्सर सुरू होता, शेजारी दोघी बोलत होत्या. माल गेला तेव्हा त्यांच्या घरी पाहुणे बसलेले आणि कुरडया एक किलो कमी. उरलेल्या एका किलोसाठी लाखनीहून पुन्हा माणूस पाठवावा लागला. त्या फेरीचा खर्च कुरडया करणाऱ्या गटाच्या पैशातून गेला. चूक ऐकण्यात झाली होती, पण ती फोन ठेवण्याआधी सापडू शकली असती. कशी, ते आज बघू.

पहिलं काम: माणूस शोधणं

ग्राहकांची वही नावाने लावू नका. आपल्याकडे एकाच आडनावाची घरं पुष्कळ. शिवाय फोन कधी नवरा करतो, कधी सून. वही फोन नंबराने लावा, तेही शेवटच्या अंकाने. मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 नेच सुरू होतो. पहिल्या अंकाने लावली तर सगळी गर्दी चार भागांतच होईल आणि बाकीची पानं रिकामी राहतील. शेवटचा अंक मात्र 0 ते 9 पैकी कोणताही असतो, म्हणून नावं दहा भागांत बऱ्यापैकी सारखी वाटली जातात.

म्हणून वहीचे दहा भाग करा. प्रत्येक भागाच्या कडेला 0 ते 9 असे कागदी टॅब चिकटवा. फोन वाजला की स्क्रीनवर नंबर दिसतो. शेवटी 8 असेल तर 8 चा भाग उघडा आणि शेवटचे चार अंक जुळवा. सवय झाली की ग्राहकाचा नमस्कार होईपर्यंत पान समोर असतं. मोबाइलवर किंवा संगणकावर यादी असेल तर तेच चार अंक शोधायच्या चौकटीत टाका.

पान सापडलं म्हणून नाव, पत्ता आपणच धडाधड सांगू नका. फोन दुसऱ्याच्या हाती असू शकतो. आधी विचारा, "कोण बोलता? गाव कोणतं?" त्यांनी सांगितलेलं पानाशी जुळलं की पुढे जा. जुळलं नाही तर नवीन पान करा.

दुसरं काम: मागची ऑर्डर बघणं

समजा, 11 जुलैला साकोलीहून फोन आला. नंबराच्या शेवटी 4738 आहे. पानावर असं लिहिलेलं आहे:

12 जानेवारी: तिखट 1 किलो, चिन्नोर तांदूळ 5 किलो.
10 मार्च: तिखट 1 किलो, हळद अर्धा किलो.
28 एप्रिल: कुरडया 5 किलो (लग्न).
9 मे: तिखट 1 किलो.

हे पान काय सांगतं? तिखट दर दोन महिन्यांनी जातं. जानेवारी, मार्च, मे, म्हणजे आता जुलैत त्यांचा डबा रिकामा होत आला असेल. हळद एकदाच घेतली, तिच्यावरून काहीच कळत नाही. कुरडयांसमोर "लग्न" लिहिलेलं आहे. तो माल घरच्या नेहमीच्या खाण्याचा नव्हता, म्हणून तो सुचवायचा नाही. लग्न, सण, तेरवी अशी कारणं कंसात लिहून ठेवायची ती यासाठीच. तो एक शब्द नसता तर आपण दर वेळी कुरडयाच विचारत बसलो असतो.

आधी त्यांना त्यांचं सांगू द्या. त्यांचं संपल्यावर एकच वस्तू विचारा, दिवस आणि वजन धरून: "काकू, 9 मे ला तिखट एक किलो गेलं होतं. या बारीला पाठवू का?" नाही म्हणाल्या तर "बरं" म्हणा आणि पुढे चला. तीन-चार वस्तू विचारल्या की ग्राहक कंटाळतो आणि पुढच्या वेळी फोन आखडता घेतो.

काही जणी म्हणतात, "बाई, मागच्यासारखंच धाडून द्या." तसं लिहून घेऊ नका. मागचं म्हणजे तिखट की लग्नाच्या कुरडया? पान वाचून दाखवा आणि प्रत्येक वस्तूला "हौ" घ्या. भाव बदलला असेल तर तेव्हाच सांगा. माल दारात गेल्यावर नवा भाव ऐकला की भांडण होतं.

तिसरं काम: वाचून दाखवणं

आता साकोलीच्या काकूंची ऑर्डर अशी लिहिली गेली: जवसाची चटणी 4 पाकिटं, मुगवड्या दीड किलो, तिखट 1 किलो. फोन ठेवायचा नाही. कागदावर बोट ठेवून वाचायचं, आठवणीतून बोलायचं नाही. आठवणीत बरोबर असतं आणि कागदावर चुकलेलं असतं, आणि माल बांधणारी कागदच बघते.

"जवसाची चटणी, 200 ग्रॅमची, चार पाकिटं." थांबा. "हौ."

"मुगवड्या दीड किलो, म्हणजे एक किलो आणि अर्धा." थांबा. "नाही वो बाई, अडीच!"

सापडली चूक. अख्खी यादी एका दमात वाचून "बरोबर ना?" विचारलं असतं तर काकू "हौ हौ" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. म्हणून एकेक ओळ आणि मध्ये थांबणं.

मराठी आकडे फोनवर फसवतात. दीड आणि अडीच, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सदुसष्ट. म्हणून वजन फोडून सांगा: अडीच म्हणजे दोन किलो आणि अर्धा. घर नंबर किंवा दुसरा मोबाइल नंबर असेल तर अंक सुटे वाचा: सहा, नऊ. कोणी पायलीत मागितलं तर किलोत किती ते विचारून लिहा, पायली सगळीकडे सारखी नसते.

वस्तू झाल्या की रक्कम, गाव, कोणत्या दिवशी माल जाणार आणि पैसे कसे देणार, हेही वाचा. उदाहरणाला भाव धरू: चटणी 60 रुपये पाकीट, मुगवड्या 280 रुपये किलो, तिखट 320 रुपये किलो. चटणीचे 240, अडीच किलो मुगवड्यांचे 700, तिखटाचे 320. एकूण 1260 रुपये. दीड किलोच लिहिलं असतं तर 980 झाले असते. रक्कम ऐकूनही ग्राहक कधीकधी चूक पकडतो.

रेल्वेत दोन स्टेशनांचे मास्तर गाडीसाठी बोलतात तेव्हा एकमेकांना आकडा सांगून तो लिहून घेतात. नुसत्या "हो" वर गाडी सुटत नाही. आपला मालही सुटू नये.

मधेच फोन कटला तर?

वाचून दाखवणं झालं नसेल तर ऑर्डर "कच्ची" लिहा, आणि कच्ची ऑर्डर बांधायची नाही. आपणच परत फोन लावा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा. वाचून झाली की "पक्की" लिहा, पुढे वेळ आणि आपली सही. सही असली की शंका आल्यावर कोणाला विचारायचं ते कळतं. ग्राहकाकडे व्हॉट्सॲप असेल तर कागदाचा फोटो पाठवा. नसेल तर वाचून दाखवणं हाच आपला पुरावा.

पुढच्या बैठकीत हे करा: दोघी पाठीला पाठ लावून बसा. एकीने पाच वस्तूंची ऑर्डर सांगायची आणि मुद्दाम दीड, अडीच, एकोणसाठ असे आकडे घालायचे. दुसरीने लिहून घ्यायचं आणि ओळीओळीने वाचून दाखवायचं. बाकीच्यांनी कागद तपासायचा. वाचण्याआधी किती चुका होत्या आणि वाचल्यावर किती उरल्या, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.