पाठ : दरवाढीच्या पत्राला उत्तर

प्रस्तावना

मागील पाठात आपण मागणीपत्र कसे लिहावे हे पाहिले. मागणी नोंदवल्यानंतर पुष्कळदा पुरवठादाराकडून दरवाढीची सूचना येते. अशा वेळी काहीजण निमूटपणे नवा दर मान्य करतात, तर काहीजण रागावून व्यवहारच तोडतात. या दोहोंमधला मार्ग म्हणजे वाढीचे कारण विचारणारे आणि ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याची विनंती करणारे पत्र. ते कसे लिहावे, हे या पाठात पाहू.

प्रसंग

इंदूर येथील एक गृहउद्योग चिवडा व शेव तयार करतो. त्यासाठी दरमहा १०० किलो छापील प्लास्टिक पिशव्या लागतात. त्यांचा दर किलोला २०० रुपये होता. ५ जून रोजी पुरवठादाराचे पत्र आले : "प्लास्टिकचा दाणा १५ टक्क्यांनी महागल्यामुळे १ जुलैपासून आमचा दर १५ टक्क्यांनी वाढून किलोला २३० रुपये होईल."

वरवर पाहता हे कारण पटण्यासारखे वाटते. परंतु पिशवीच्या किमतीत केवळ दाण्याचा खर्च नसतो. शाई, छपाई, वीज, मजुरी आणि नफा यांचाही त्यात वाटा असतो. समजा, २०० रुपयांपैकी १२० रुपये दाण्याचे आहेत. दाणा १५ टक्क्यांनी महागला, तर १२० रुपयांवर १८ रुपये वाढतील. म्हणजे दाण्यामुळे दर २१८ रुपये होईल, २३० नव्हे. उरलेल्या १२ रुपयांचे कारण पत्रात दिलेलेच नाही. ते विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मात्र १२० रुपये हा आपला अंदाज असल्याने तो पत्रात ठामपणे न मांडता, खरा आकडा पुरवठादारालाच विचारावा.

पत्राचा नमुना

दि. १० जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(पुरवठादाराचे नाव व पत्ता)

विषय : पिशव्यांच्या दरवाढीबाबत.
संदर्भ : आपले दि. ५ जून २०२५ चे पत्र.

महोदय,

आपले वरील पत्र मिळाले. दाणा महागल्याने आपला खर्च वाढला असेल, हे आम्ही समजू शकतो. तथापि नव्या दराबाबत निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती मिळावी, ही विनंती.

१. पिशवीच्या सध्याच्या दरात दाण्याचा खर्च किती?
२. दाण्याचा पूर्वीचा व आताचा खरेदीदर काय?
३. अन्य कोणता खर्च वाढला असल्यास तो कोणता व किती?

आम्ही दुकानदारांना आमच्या मालाचे दर सप्टेंबरअखेरपर्यंत कळवलेले आहेत. त्यामुळे जी वाढ योग्य ठरेल, तिचा निम्मा भाग १ जुलैपासून व उरलेला १ ऑक्टोबरपासून लागू करावा. तसे झाल्यास जुलै ते सप्टेंबर या काळासाठी ३०० किलोंची मागणी आम्ही आजच निश्चित करू आणि बिलाची रक्कम ३० दिवसांऐवजी १५ दिवसांत देऊ.

२ जून रोजी नोंदवलेली मागणी आपण जुन्या दराने स्वीकारली आहे. तो माल त्याच दराने मिळावा. दि. २० जूनपर्यंत उत्तर मिळाल्यास आभारी होऊ.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही)
व्यवस्थापिका

पत्र समजून घेऊ

या पत्रात दरवाढ नाकारलेली नाही आणि मान्यही केलेली नाही. पुरवठादाराचा संपूर्ण हिशेब किंवा नफाही विचारलेला नाही, कारण तो कोणी सहसा सांगत नाही. ज्या कारणाने वाढ केली, तेवढ्याचाच तपशील मागितला आहे. सवलत मागताना त्याबदल्यात निश्चित मागणी आणि लवकर पैसे देण्याची तयारी दाखवली आहे. पुरवठादाराला 'हो' म्हणण्यास कारण मिळते ते येथे.

पत्र १ जुलैपूर्वी पोहोचणे आवश्यक आहे. हरकत न घेता नव्या दराने माल उतरवून घेतला, तर तो दर आपणांस मान्य आहे असेच समजले जाते. तसेच दुसऱ्या विक्रेत्याचा दर हाती नसताना "आम्ही अन्यत्र जाऊ" असे लिहू नये. पोकळ धमकी लगेच उघडी पडते.

समजा, पुरवठादाराने १८ रुपयांची वाढ दोन टप्प्यांत घेण्याचे मान्य केले. मग पहिले तीन महिने किलोमागे ९ रुपये, म्हणजे ३०० किलोंवर २,७०० रुपये जादा द्यावे लागतील. मूळ सूचनेप्रमाणे हीच रक्कम ९,००० रुपये झाली असती. तोंडी मान्यता मिळाली, तरी ती पत्राने लेखी करून घ्यावी. मात्र शाई आणि मजुरीही खरोखर महागल्याचे पुरवठादाराने दाखवून दिले, तर २३० रुपयांचा दरही योग्य ठरू शकतो. अशा वेळी टप्प्यांची विनंती तेवढी कायम ठेवावी.

स्वाध्याय

१. पावाच्या एका लादीचा दर ४० रुपये असून त्यात मैद्याचा खर्च २० रुपये आहे. मैदा १० टक्क्यांनी महागला म्हणून बेकरीने दर ४४ रुपये केला. मैद्यामुळे दर किती रुपयांनी वाढायला हवा होता?
२. वरील दरवाढीची सूचना मिळालेल्या उपाहारगृहाच्या वतीने बेकरीच्या मालकास पत्र लिहा.
३. नमुना पत्रात उत्तरासाठी २० जून ही तारीख का दिली असावी?